शेवटच्या कँडलचा रंग

हे लिहायचा अधिकार मला आहे का, हे अजून ठरत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील माणदेशात मेंढरांमागे चालले, आईला सही करता येते एवढंच. लिहिणारी माणसं वेगळी असतात असं मला वाटत आलंय, म्हणून चूकभूल झाली तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. खरं तर माफी दुसऱ्याच एका माणसाची मागायला हवी. ती मागता येईना, म्हणून कागदापुढे बसलोय.

तो माणूस म्हणजे माझा दोस्त. एकाच वाडीतले आम्ही, एका वर्गात बारावीपर्यंत शिकलो. पुढे मी कॉमर्स करायला सांगलीला आलो आणि तो शिरवळच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. पण त्याचं मन मशीनवर नव्हतं. त्याला सैन्यात जायचं होतं. लहानपणापासून एकच धोशा. दोनदा भरतीला उतरला, दोन्हीदा लेखीत थोडक्यात राहिला. वयाच्या अटीत आता एकच भरती उरली होती. साताऱ्यातल्या एका अकॅडमीत राहून तयारी करायची, म्हणून त्याने पगारातून फी साठवली होती.

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे न जाता मी दोन दिवस त्याच्या शिरवळच्या खोलीवर गेलो. खोलीत त्याच्याबरोबर फोर्कलिफ्ट चालवणारे एक काका राहायचे. पन्नाशीचे, विट्याकडचे, तोंडाने फटकळ. त्यांना शेअरचा नाद लागला होता. ते कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर होते आणि तिथे कुणीतरी रोज स्क्रीनशॉट टाकायचा.

दुसरा दिवस रविवार होता. बाजार बंद. काकांनी जेवण झाल्या झाल्या मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मास्तर, तुमी शेअरचा कोर्स केलाय म्हनं. हे वाचून दाखवा."

कोर्स म्हणजे कॉलेजातला तीन महिन्यांचा, शनिवारी असायचा तो. पण मास्तर म्हटल्यावर मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

शुक्रवारचा स्क्रीनशॉट होता. ट्रेडिंग ॲपमधला, काळ्या पाठीवर हिरव्या-लाल कँडल. शेवटच्या कँडलला खाली लांबलचक शेपटी, तिच्याभोवती कुणीतरी बोटाने पिवळा गोल काढलेला, आणि खाली लिहिलेलं, 'सोमवारी रॉकेट.'

"ह्याला सांगा समजून," काका दोस्ताकडे बोट करत म्हणाले. "अकॅडमीची फी खिशात घालून हिंडतोय. म्हटलं, उद्या ह्यात टाक, आठवड्यात डबल कर, मग जा पळायला."

दोस्त माझ्याकडे बघून हसला. "तू म्हनशील तसं करतो गड्या. मला ह्यातलं काय कळत न्हाई."

मी मांडी घालून बसलो आणि सांगायला लागलो. इथली एक कँडल म्हणजे पंधरा मिनिटं. मधला जाड ठोकळा असतो त्याचं एक टोक म्हणजे ती पंधरा मिनिटं सुरू झाली तेव्हाचा भाव, दुसरं टोक म्हणजे संपली तेव्हाचा. सुरू झाला त्यापेक्षा वर संपला तर हिरवी, खाली संपला तर लाल. वरखाली ज्या बारीक रेघा आहेत त्या विक, म्हणजे वाती. वरची वात म्हणजे तेवढ्या वेळात भाव जास्तीत जास्त कुठवर गेला, खालची म्हणजे कमीत कमी कुठवर आला.

"मेनबत्तीला दोन्हीकडनं वात?" काका म्हणाले. "लावायची कुठनं मग?"

"आवं काका, ऐका की."

"ऐकतोय. पर ही खालची वात येवढी लांब हाय, म्हंजे भाव वर जानार का न्हाई, येवढं सांगा."

तिथे मी खरंच चांगलं बोललो. सरांनी शिकवलं होतं तेच बोललो, पण मनापासून. लांब वातीचा अर्थ एवढाच की भाव खाली गेला होता आणि तिथून पुन्हा वर ओढला गेला. कुणी ओढला, का ओढला, हे चित्रात नाही. आधी वर गेला की आधी खाली आला, तेही एका कँडलवरून कळत नाही. झालं ते दिसतं. होणार ते दिसत नाही. अशी वात दिसल्यावर कधी भाव चढतो, कधी आणखी घसरतो. आणि मग मी मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे वेळ दिसत होती, एक चाळीस.

"ही शेवटची कँडल दीड वाजता सुरू झाली. पावणेदोनला संपणार. फोटो काढलाय एक चाळीसला. म्हणजे कँडल अजून पुरी झालेलीच नाही. पुढच्या पाच मिनिटांत तिचा ठोकळा, वात, रंग, सगळं बदललं असेल. अर्ध्या कँडलवर गोल काढून हा माणूस सोमवारचं भविष्य सांगतोय."

दोस्त म्हणाला, "लय भारी रं. मग फी न्हाई घालवत मी ह्यात."

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मास्तरकी अंगात आली होती. मी दोस्ताला म्हणालो, "आता तू सांग. कुठल्या पंधरा मिनिटांत भाव उतरला, कुठल्यात चढला?"

तो मोबाइल डोळ्यांजवळ घेऊन एकेक कँडल सांगायला लागला. चढला, चढला, उतरला. सावकाश, पण सगळं बरोबर. शेवटच्या कँडलवर मात्र त्याचं बोट थांबलं. त्याने मोबाइल तिरका केला, पुन्हा सरळ धरला.

"उतरला?"

ती कँडल हिरवी होती. मिरचीसारखी हिरवी.

"आरं आंधळ्या!" काका खदाखदा हसले. "हिरवीगार हाय की ती!"

"फुडची कँडल न्हाई तर कळंल कसं?" दोस्त गांगरून म्हणाला. "फुडची जितनं सुरू हुती, तितंच मागची संपल्याली असती ना? मी तसंच बघत आलोय. तुमी काय रंगाकडं बघता व्हय? ते तर समदं सारकंच दिसतंय."

"ह्यो फुडचं बघून मागचं सांगतोय!" काका म्हणाले. "मास्तर, तुमच्यापेक्षा हुशार निगाला की चेला!"

तिघंही हसलो. माझं हसू मात्र मधेच थांबलं. कारण त्याने केलं होतं ते बरोबर होतं. पंधरा मिनिटांच्या चार्टवर पुढची कँडल बहुतेकदा मागची संपली तिथूनच सुरू होते. रंग न बघता त्याने सतरा कँडल ओळखल्या होत्या. अठरावीला शेजारी नव्हता.

मग मागच्या कितीतरी गोष्टी आठवल्या. वाडीवर मेंढरांच्या पाठीवर खूण म्हणून रंग लावतात, आमच्या मेंढरांना लाल, त्यांच्या मेंढरांना हिरवा. कळप मिसळले की आम्ही पाठी बघायचो आणि तो कानांवरच्या चिरा बघायचा. बोरं तो दाबून बघून तोडायचा. आम्ही त्याला चोखंदळ म्हणायचो.

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत रंगांचीही तपासणी असते, हे मला माहीत होतं. वाडीतल्या एका सुट्टीवर आलेल्या जवानाने रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायला लावणाऱ्या पुस्तकाची गोष्ट सांगितली होती. त्या दुपारी बोलायला हवं होतं. पण काका समोर होते, ते त्याच्यावर हसत होते, आणि मला वाटलं, मी काय डॉक्टर आहे? मोबाइलचा उजेड कमी असेल. नंतर एकटा असताना सांगू.

नंतर एकटाच होता तो. त्याच संध्याकाळी एसटीपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "तू नसतास तर फी गेली असती गड्या. उद्याच नोकरीचा राजीनामा देतो आन् अकॅडमीत नाव घालतो." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि एसटीत चढलो.

सोमवारी तो शेअर चढला. काकांनी हसण्याचे चेहरे पाठवले. गुरुवारी पडला, तेव्हा काही पाठवलं नाही. मी चढेल असंही म्हटलं नव्हतं, पडेल असंही नव्हतं. चार्टच्या बाबतीत माझं काही चुकलं नाही.

सांगलीला आल्यावर कॉलेजच्या लायब्ररीत बसून मी ते ठिपक्यांचं चित्र इंटरनेटवर शोधलं. लालसर ठिपक्यांत हिरवट ठिपके, मधे आकडा. मला लगेच दिसला, सहा. मी ते त्याला पाठवलं. लिहिलं, 'आकडा किती?'

त्याचं उत्तर तो पळायचा सराव करून आल्यावर आलं. 'कसला आकडा? नुसते ठिपके हायेत.'

'डॉक्टरला डोळे दाखव' असं लिहिलं आणि खोडलं. राजीनामा दिलेला, फी भरलेली, रोज पहाटे तो मैदान मारत होता. आत्ता सांगितलं तर त्याचे पाय गळतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ज्या दिवशी त्याने फी वाचवल्याबद्दल माझे आभार मानले, त्याच दिवशी मी हे बघितलं होतं, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

मी लिहिलं, 'मलापण दिसत नाही. फोटोच चुकीचा आहे.'

त्याने अंगठा पाठवला.

पुढचे महिने तो मला सगळं कळवत होता. सोळाशे मीटरची वेळ किती कमी झाली, बीमला लटकून पुलअप किती निघाल्या. लेखी निघाली तेव्हा त्याच्या आईने वाडीभर साखर वाटली. मग मैदान निघालं. प्रत्येक वेळी मी 'अभिनंदन' लिहिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, तपासणारा डॉक्टर घाईत असेल, तेवढं पान उलटून जाईल. चार्टवरून पुढचं कळत नाही, हे दुसऱ्यांना समजावणारा मी, मला त्या एका चार्टवरून पुढचं स्वच्छ कळलं होतं आणि तेवढंच मी बोललो नव्हतो.

वैद्यकीय तपासणीच्या दिवशी त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वसतिगृहाच्या जिन्यात असताना आला.

"गेलं रं," तो म्हणाला. आवाज शांत होता. "डोळ्यात बाद. रंगाचं कायतरी. जन्मापासनं असतंय म्हनला डॉक्टर. परत तपासायला अर्ज कर म्हनत्यात, पर त्यानं काय डोळं बदलत्यात व्हय?"

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"तेच ठिपक्याचं पान काढलं बघ त्यानं, तू धाडलं हुतंस तसलं. मी म्हटलं, सर, ह्यात आकडा न्हाईच, पान चुकीचं हाय. तो हसला. मी लय भांडलो गड्या. म्हटलं, माजा दोस्त सांगलीला कॉलेजात हाय, त्यालाबी दिसत न्हाई."

जिन्यात वरून कुणीतरी उतरत होतं. मी भिंतीला सरकलो.

"म्हनून फोन केला," तो म्हणाला. "तूबी डोळं दाखवून घे. उद्याच जा. माज्यागत नगं हुया तुजं."