आबांचं एक वाक्य

कान्ह्याहून, आमच्या गावाहून, निरोप आला तेव्हा मी लोणावळ्याच्या शाळेत चौथीला शुद्धलेखन घालत होतो. कामशेतला उतरून चालत घरी पोचलो, तोवर आबांचा, माझ्या वडिलांचा, देह बाहेर काढून ठेवला होता. आज सहा आठवडे झाले. त्यांच्या आठवणींच्या वह्या माझ्याकडे आहेत, आणि त्या पुऱ्या झाल्या असं मला अजूनही म्हणवत नाही.

आबा घाटात सांधेवाले होते. खंडाळ्याजवळ गाडी थांबून उलट्या तोंडाने निघायची, त्या जुन्या ठिकाणी रूळ बदलून तिला वाट करून देणं हे त्यांचं काम. पेन्शनीत आल्यावर ते बोलत सुटायचे, म्हणून मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. दर रविवारी गावी जाऊ लागलो. पहिलं प्रकरण मोठ्या हौसेने लिहिलं आणि वाचून दाखवलं... ‘माझे बालपण निसर्गरम्य परिसरात व्यतीत झाले.’ आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मास्तर, ह्यो कोन मानूस? ह्याला मी वळखत न्हाई.”

मास्तरकीची खोड ती! त्यांच्या ‘आमी’चं मी ‘आम्ही’ केलं होतं, एकच गोष्ट तीनदा सांगायची त्यांची लकब छाटली होती, वर तिथी-सालं घुसडली होती. रागच आला मला. पण ते पान फाडलं. मग वहीच्या डाव्या पानावर ते बोलतील तसं, अडखळण्यासकट, पेन्सिलीने उतरवायचं आणि उजव्या पानावर शाईने जुळणी करायची असं ठरवलं. जुळणी म्हणजे फक्त पुढचं-मागचं लावणं, शब्द त्यांचेच. साल विचारलं की ते गोंधळायचे, म्हणून ‘मानमोडीच्या आधी की मागनं?’ असं विचारायचं. मानमोडी म्हणजे ती इन्फ्लुएंझाची साथ. ‘तुम्हाला काय वाटलं?’ या प्रश्नाला उत्तर यायचं, “काय वाटायचं?” पण ‘तेव्हा तुमच्या हातात काय होतं?’ म्हटलं की तो सगळा दिवसच उभा राहायचा. शेवटी मोठ्याने वाचायचं. ते मान हलवतील तेव्हाच पान पक्कं.

माझी आई त्याच साथीत गेली. मी पाच वर्षांचा होतो. ती कान्ह्याला, आबा कामावर; ती आजारी असल्याचा निरोप त्यांना गेला, पण ते आले तिसऱ्या दिवशी, ती गेल्यावर. त्यांना सुट्टी मिळाली नाही, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलो होतो. एका रविवारी विचारलं, तो निरोप आला तेव्हा हातात काय होतं?

“कंदील व्हता. काच पुसत व्हतो. पुसतच ऱ्हायलो... सुट्टी मागितली न्हाई.”

डाव्या पानावर मी ते उतरवलं. उजव्या पानावर मात्र माझ्या हाताने लिहिलं, ‘सुट्टी मिळाली न्हाई.’ बोली त्यांची, खोटं माझं! त्यांना सांभाळत होतो की स्वतःला, देव जाणे. पुढच्या रविवारी वाचून दाखवलं.

“मिळाली न्हाई न्हवं. मागितली न्हाई. भ्यालो मी. तिचं हाल बघायला भ्यालो.”

“आबा, लोक वाचतील.”

“वाचू द्या की. माजं नाव घालनार न्हवं का वर? मग माजंच लिवा.”

मी वही मिटली. पुढच्या रविवारी बघू म्हणालो आणि दोन रविवार गेलोच नाही. तिसऱ्याच्या आधी तो निरोप आला.

तेराव्यानंतर मावशीपाशी बसलो. आईची ही धाकटी बहीण. मला तिनेच आमच्या घरी राहून वाढवलं, आणि आईच्या उशापाशी तेव्हा तीच होती. उजव्या पानावरची ती ओळ मी खोडली, आबांची लिहिली आणि तिला वाचून दाखवली. मला वाटलं, ती चिडेल.

“मला ठावं व्हतं,” मावशी म्हणाली. “तुज्या आईला बी ठावं व्हतं. दुसऱ्या दिशी आमी पुन्यांदा मानूस धाडनार व्हतो, तर तीच म्हनली, नगा बलवू, त्यास्नी बघवायचं न्हाई... रागानं न्हाई रं, मायेनं म्हनली.”

“हे आबांना कधी सांगितलं नाहीस?”

“त्यांनी कदी इचारलं न्हाई. मला वाटलं, त्यास्नी ठावं असंल.”

माझ्या हातात पेन्सिल होती. सवयीने डाव्या पानाकडे वळलो आणि थांबलो. तीस वर्षं आबा ज्या एका वाक्यासाठी मनातून झिजले, ते घरातच होतं. मी त्या दोन रविवारी गेलो असतो, मावशीसमोर वाचलं असतं, तर त्यांच्या कानावर पडलं असतं. आता ते वह्यांत लिहायचं म्हटलं तरी लिहिता येत नाही. तिथे ‘मी’ म्हणजे आबा, आणि आबांना हे कधीच कळलं नाही. म्हणून इथे लिहिलं.