‘आमी जावा’वरचा रफार

आष्ट्यात आम्ही दोघी जावा कारळ्याची चटणी कुटून विकतो. बरणीवरचं नाव ‘आमी जावा’. मी ‘आम्ही’ सुचवलं होतं, पण थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, म्हणाल्या, “बोलताना आमी, मग लिवताना कशाला येगळं?” पटलं मला.

सांगलीच्या प्रदर्शनात स्टॉल हवा होता. अर्ज ईमेलने करायचा होता. मी मोबाईलवर झरझर मराठीत लिहिला आणि पाठवून मोकळी झाले. लिहिलेलं परत वाचायची मला कधी गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, “सैनिक कुटुंबांसाठी स्टॉल मोफत आहे. आज संध्याकाळपर्यंत ओळखपत्राची प्रत पाठवा, अन्यथा जागा दुसऱ्यांना जाईल.”

सैनिक कुठून आले? पाठवलेली मेल उघडली. नावाच्या जागी ‘आर्मी जावा’! ‘आमी’ लिहून स्पेस दाबली, की कीबोर्ड स्वतःच शहाणपणा करत होता.

आता गंमत अशी, की आमचे थोरले भावजी, म्हणजे आक्कांचे यजमान, खरंच लष्करातून निवृत्त झालेले. ओळखपत्र कपाटातच. मी म्हटलं, “आक्का, जोडून टाकू की. खोटं कुठंय त्यात?”

आक्का उखळापाशीच बसल्या होत्या. म्हणाल्या, “त्यांचं कार्ड त्यांच्या नोकरीचं हाय. चटणी आपण कुटलीया. पैसं भरून घे जागा, न्हाई मिळाली तर न्हाई.”

मला राग आला. फुकटची जागा कोण सोडतं? पण त्यांचा चेहरा बघून मुकाट्याने दुसरी मेल लिहायला घेतली. पुन्हा ‘आर्मी’! लगेच बॅकस्पेस दाबली, तसं ‘आमी’ परत आलं. मग तो शब्द कीबोर्डच्या शब्दकोशातच घालून टाकला, आणि जन्मात पहिल्यांदा मेल वाचून पाठवली. दिवस मावळता मावळता होकार आला. साधा स्टॉल, पूर्ण भाडं.

भावजींना घेऊन प्रदर्शनात पोचलो तर स्टॉलवर छापील पाटी होती, ‘आर्मी जावा’. पहिल्या मेलवरूनच छापलेली. आक्कांचं तोंड एवढंसं झालं. लोक थांबून भावजींनाच विचारू लागले, “साहेब, तुमचा स्टॉल का?”

भावजी बरण्यांची खोकी उतरवत होते. आजवर घरात त्यांनी चटणीची बरणी इकडची तिकडे केली नव्हती. ते स्टुलावर चढले, बरणीला लावायच्या कोऱ्या लेबलाचा तुकडा फाडला आणि पाटीवरच्या रफारावर नीट चिकटवला.

खाली उतरून विचारणाऱ्याला म्हणाले, “माझा न्हाई. ह्या दोघींचा हाय. मी हमाल.”

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतायत. हसत नव्हत्या.