चूक आमची, चक्कर आमची

सकाळी धुकं एवढं दाट होतं की दुकानाचं शटर वर गेलं तरी उजेड आत यायला तयार नव्हता. आक्कानं काउंटरचा पट्टा फडक्यानं पुसला, बिलाच्या मशीनला नवा रोल घातला आणि सुट्ट्या पैशांचा खण उघडून पाहिला. खरं तर तिची नजर पुन्हापुन्हा मागच्या भिंतीकडे जात होती. तिथं चुकांचा फळा होता. ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्या नावापुढं लाल ठिपका. आक्काच्या नावापुढं दोन. तिसरा लागला की काउंटर सुटायचं, गोदामात पोती उचलायला जायचं, पगारही तिथलाच. पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला नवरा निघताना म्हणाला होता, "बाई, महिना निघेस्तोवर तोंडाला कुलूप लाव."

दुकान उघडायच्या आधी हेड ऑफिसच्या मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. दुकानांच्या साखळीचं नवं वचन येत्या सोमवारी गिऱ्हाइकांना सांगायचं होतं, त्याआधी ते आपल्या माणसांच्या अंगवळणी पडायला हवं होतं. मॅडमनी सगळ्यांच्या छातीवर बिल्ले लावले आणि भिंतीवर पोस्टर चिकटवलं, नेमकं चुकांच्या फळ्याशेजारी. 'चूक आमची, चक्कर आमची.' म्हणजे आमच्याकडून काही चुकलं तर गिऱ्हाइकानं परत यायचं नाही, आम्हीच त्याच्या दारी जायचं.

घरपोच सामान नेणारा भिंगरी हेल्मेट काखेत धरून उभा होता. तो म्हणाला, "चक्कर आमची ठीक आहे मॅडम, पण पेट्रोल कुणाचं? ऑर्डर नसेल तर ॲप माझी फेरीच धरत नाही."

सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि घड्याळाकडे बघून त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं.

दुपारच्या आत ते झालं. आक्काच्या काउंटरवर गर्दी होती. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई पैसे देऊन घाईनं निघून गेली. पुढचं सामान सरकवताना पिशव्यांच्या गठ्ठ्याआड आक्काला बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा दिसला. बिलात लागलेला, पिशवीत न गेलेला.

असं झालं की काय करायचं, हे इथं सगळ्यांना पाठ होतं. गुपचूप डबा रॅकवर परत ठेवायचा. मोजणीत माल कमी भरला तर दुकान उलटंपालटं करतात, जास्त भरला तर कुणी विचारत नाही. गिऱ्हाईक भांडत आलंच तर म्हणायचं, बाई, तुम्ही नीट पाहिलं नसेल.

शेजारच्या काउंटरवरची पोरगी, सगळे तिला चिमणी म्हणत, हळूच बोलली, "आक्का, ठेवून ये. मी बघते तुझी रांग."

आक्का डबा घेऊन उठली. रॅकपर्यंत गेलीही. तिथं तिला कडेवरचं ते तान्हं आठवलं, तोंडात मूठ कोंबलेलं. ती वळली ती मॅनेजरच्या टेबलाकडे.

"साहेब, चूक माझी. डबा द्यायचा राहिला. बिलावर बाईंचा नंबर आहे."

मॅनेजरनं डबा पाहिला, मग फळा पाहिला. त्यानं ड्रॉवरातून लाल ठिपक्यांचं पाकीट काढलं. चिमणीनं वस्तू स्कॅन करायचं थांबवलं.

"आधी डबा जाऊ दे," तो म्हणाला. नंबरावरून पत्ता निघाला. त्यानं भिंगरीच्या नावानं शून्य रुपयांची ऑर्डर टाकली, म्हणजे फेरी धरली जाईल. भिंगरी गेला. मग मॅनेजर मॅडमकडे वळला. "आता ठिपक्याचं सांगा. लावला, तर उद्यापासून मला कुणी काही सांगणार नाही. नाही लावला, तर वरून मला विचारतील."

"फळा माझ्या खात्यात येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"पोस्टर येतं ना? एकाच भिंतीवर आहेत दोन्ही."

मॅडम हेड ऑफिसला फोन लावत गोदामाकडे गेल्या. आक्का काउंटरवर बसून बिलं करत राहिली. एकाच गिऱ्हाइकाला ती दोनदा "पिशवी हवी?" विचारून बसली. भिंगरी परतला. "बाई दारातच पिशवी उपसत होती. डबा बघून मटकन खाली बसली."

आक्काचे कान गोदामाच्या दाराकडे लागले होते.

मॅडम आल्या. चेहऱ्यावर फार काही नव्हतं. "जी चूक आपणहून सांगितली, तिला ठिपका नाही. सध्या एक महिना, फक्त याच दुकानात. नंतर बघू म्हणतात."

मॅनेजरनं पाकीट ड्रॉवरात टाकलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळानं चिमणी उठली, काउंटरखाली हात घालून तिनं एक चहाचा पुडा आणि शाम्पूची बाटली काढली आणि मान खाली घालून मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली. "कालची आहेत, पिशवीत घालायची राहिली," एवढंच म्हणाली.

भिंगरी कण्हला, "घ्या. आता माझं मरण."

"आणि महिन्यानंतर काय गं आक्का?" चिमणीनं परत येऊन विचारलं.

"मला काय माहीत बाई," आक्का म्हणाली. फळ्यावर तिचे दोन ठिपके तसेच होते. कुणाच्या तरी पिशवीतून पट्ट्यावर दही सांडलं होतं. तिनं फडकं पिळलं आणि पट्टा पुसायला घेतला.