कात्रीबाईंचा सतरावा प्रश्न

आमच्या विभागप्रमुखांना सगळे समोर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘कात्री’. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, असा मला दाट संशय आहे. मेडिकल कॉलेजात त्या औषधशास्त्र शिकवत, पण त्यांचा खरा जीव परीक्षेच्या प्रश्नांत होता. एक रुग्ण, त्याची चार औषधं, त्यातली दोन एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली, आणि खाली पाच पर्याय. असे प्रश्न त्या तेवीस वर्षं लिहीत होत्या.

पेपर छापायला जाण्याआधी आम्ही सगळे टेबलाभोवती बसून एकमेकांचे प्रश्न फाडायचो. त्यासाठी मॅडमचा एक नियम होता. पर्याय कागदाच्या पट्टीने झाकायचे. मग प्रश्नातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवायचं आणि ते वाक्य नाहीच असं समजून पुन्हा वाचायचं. उत्तर बदललं नाही, तर वाक्य फुकटचं, कापा. माझी किती तरी लाडकी वाक्यं या बोटाखाली मेली. रुग्णाला मी एकदा कबुतरं पाळायला लावली होती. मॅडम म्हणाल्या, “कबुतरं गोळी खातात का? मग उडवा त्यांना.”

त्या दिवशी मात्र त्यांचंच काही तरी बिनसलं होतं. पेपर तीन वाजता सीलबंद व्हायचा होता आणि बारापासून त्या खुर्चीवर धड टेकल्या नव्हत्या. पेनाचं टोपण काढ, घाल, फोन उलटा कर, सुलटा कर. त्यांची चुळबुळ बघून मलाही बसवेना. विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही गं, घरी भावाचं पोट बिघडलंय. शिळंपाकं खातो आणि मला सांगत नाही.”

भाऊ त्यांच्यापेक्षा धाकटा, एकटाच, त्यांच्याकडेच राहायचा. शिंपी होता. घरातल्या पुढच्या खोलीत पायाने चालवायचं मशीन टाकून कपडे लहान-मोठे करून द्यायचा. माझे दोन कुडते त्याने असे बसवले होते की मी आरशासमोरून हलले नव्हते. एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं.

सतरावा प्रश्न मॅडमचा होता आणि तो फाडायची पाळी माझी. खरं सांगते, हात शिवशिवत होते. मी मोठ्याने वाचलं:

“चोपन्न वर्षांचा शिंपी. मनाच्या आजारासाठी आठ वर्षं लिथियम घेतो, तब्येत स्थिर. तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाब वाढलेला आढळल्याने घरच्यांनी त्याच्या जेवणातलं मीठ जवळजवळ बंद केलं. गुडघेदुखीसाठी दोन आठवडे आयबुप्रोफेन घेतो आहे. आता हात जोरात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही, चालताना तोल जातो, जुलाब होतात. हे कशामुळे?”

उत्तर आयबुप्रोफेन. लिथियम शरीरातून बाहेर पडतं ते मूत्रपिंडांतून. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं ती वाट अरुंद करतात, लिथियम रक्तात साठत जातं आणि औषधाचंच विष होतं. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनाही हे पाठ असतं.

मी आयबुप्रोफेनच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि उरलेलं वाचलं.

“मॅडम, हा प्रश्न बाद.”

“का म्हणून?”

“गोळी काढली तरी माणूस आजारीच राहतो. मीठ तोडलंय ना त्याचं! मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं ते धरून ठेवतात, आणि मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात. तुमच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत.”

मला वाटलं, आता तडकतील. मी मनातल्या मनात जिंकल्याचे पेढेसुद्धा वाटून टाकले. मॅडम माझ्या बोटाकडे बघत राहिल्या.

“मीठ मी सहज घातलं गं. घरातलं सुचलं म्हणून.”

“घरातलं म्हणजे?”

“भावाचं मीठ मीच बंद केलंय. प्रेशर वाढलं होतं.”

“आणि लिथियम?”

“तेही त्याचंच. थरथर तर त्याला आठ वर्षं आहे, बारीकशी. ती असतेच या औषधाने.” त्या थांबल्या. “दोरा मात्र परवापासून मीच ओवून देतेय. तोल गेला तेव्हा मी नव्या चपलांना शिव्या घातल्या.”

“आणि आयबुप्रोफेन?”

“ते मी रचलं. प्रश्नात औषध नको का? दिवसभर मशीन मारणारा माणूस, गुडघे दुखणारच.”

माझं बोट अजून त्याच वाक्यावर होतं. त्याखाली झाकलेलं सोडून बाकी सगळं खरं होतं.

त्यांनी फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, आणि त्यांनी तो तसाच माझ्या हातात दिला. पलीकडून जड जिभेने आवाज आला, “ता...ई, झोप येतेय गं.”

तेवीस वर्षं लोकांच्या आजारांचे प्रश्न घालणारी ही बाई जिना उतरताना माझा दंड धरून उतरली. टॅक्सीत दर सिग्नलला म्हणायची, “मी शिकवते गं हे. मी शिकवते.” मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मिठाचा डबा उचलून ठेवताना ही डॉक्टरीण कुठे गेली होती? मग वाटलं, तेव्हा ती घरी नव्हतीच. घरी फक्त ताई होती.

इस्पितळात रक्तात लिथियम दोन पॉइंट सहा निघालं. दीडच्या वर गेलं की धोका. लिथियम थांबवलं, सलाइन लावलं, डायलिसिसची तयारी करून ठेवली. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, “दुसरं काही औषध घेतात का?”

“नाही,” मॅडम ठामपणे म्हणाल्या. “मला विचारल्याशिवाय तो काही घेत नाही.”

संध्याकाळी त्याचे कपडे आणायला त्यांच्या घरी मी गेले. मशीनच्या खणात टेप, खडू, बॉबिन, आणि त्याखाली आयबुप्रोफेनच्या दोन रिकाम्या पट्ट्या. मी खणासमोर तशीच फतकल मारून बसले. मॅडमनी रचलेलं ते एकच वाक्य, तेही खरं निघालं होतं.

डायलिसिस करावं लागलं. चौथ्या दिवशी तो नीट बोलायला लागला, तेव्हा मॅडमनी पट्ट्या त्याच्यापुढे धरल्या.

“का नाही सांगितलंस?”

“तू ओरडली असतीस.”

“ओरडलेच असते!”

“मग?” तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मॅडम बाहेर येऊन व्हरांड्यात रडल्या. आवाज न करता नव्हे, चांगल्या हुंदके देऊन.

सतरावा प्रश्न त्या वर्षी पेपरात गेला नाही. पुढच्या वर्षी मॅडमनी तो नव्याने लिहून आणला. मिठाचं वाक्य काढलं होतं. गोळी ठेवली होती. पण तिच्या जुन्या वाक्याच्या जागी एक नवीन होतं: ‘रुग्णाची बहीण सांगते, की तो दुसरं कोणतंही औषध घेत नाही, खणात मात्र आयबुप्रोफेनच्या रिकाम्या पट्ट्या सापडतात.’

पाळी पुन्हा माझीच. मी पर्याय झाकले. बहिणीच्या अर्ध्या वाक्यावर बोट ठेवलं आणि उरलेलं वाचलं. उत्तर बदललं नाही. नियमाप्रमाणे ते कापायला हवं होतं, आणि हे मॅडमना माझ्याआधी कळलेलं होतं.

“राहू दे ते,” त्या म्हणाल्या.

मी बोट उचललं आणि अठरावा प्रश्न वाचायला घेतला.