व्याह्यांचं बिल

सरिताताईंना वाळूजच्या त्या खोक्यांच्या कारखान्यात हिशेब सांभाळता सांभाळता केस पिकले. बाई बोलायला गोड, पण पैशाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवायच्या नाहीत. मालक राजेंद्रभाऊ मात्र उलटे. माणूस लाख मोलाचा, पण भिडस्त किती म्हणाल तर स्वतःचेच पैसे मागताना घाम फुटायचा.

दिवाळीनंतरची गोष्ट. कागदाच्या गिरणीचा निरोप आला, की शनिवारपर्यंत तीन लाख द्या, नाहीतर पुढचे रोल मिळणार नाहीत. रोल नाहीत म्हणजे मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे वीस घरांच्या चुली. भाऊंनी डोक्याला हात लावला.

"थकबाकीचा रिपोर्ट काढा ताई. ज्याची रक्कम मोठी, त्याला आधी फोन."

ताईंनी कागद काढला. कुणाचं बिल किती दिवसांपासून अडकलंय, ते त्यात रकान्यांत मांडलेलं असतं: तीस दिवसांच्या आतलं, साठच्या आतलं, नव्वदच्या आतलं आणि त्याच्याही पुढचं. भाऊंचं बोट सगळ्यात मोठ्या आकड्यावर गेलं.

"ही गाड्यांच्या पार्टवाली कंपनी. आठ लाख!"

"त्यांना आपणच नव्वद दिवसांची मुदत दिलीय भाऊ. बिलाला साठच झालेत. आत्ता फोन केला तर हसतील."

"मग हा सोयगावचा कडूबा. चार महिने झाले की हो. लई झालं!"

"कडूबानं मागच्या महिन्यात एकरकमी भरले. घाईघाईत मी ते खात्यावर जमा केले, बिलासमोर लावलेच नाहीत. म्हणून जुनं बिल अजून उभं दिसतंय. चूक माझी, त्याला कशाला छळायचं?"

राहिलं एक नाव. लासूर स्टेशनचे रामकिसन, लोणची-मसालेवाले. नव्वदच्या पुढच्या रकान्यात साडेतीन लाख. ते नाव आलं की भाऊ नजर चुकवायचे, कारण रामकिसन त्यांचे व्याही. थोरली सायली त्यांच्या घरात दिलेली. मुलीच्या सासरी पैसे मागायचे? छे! लोक काय म्हणतील, आणि पोरीला तिथं काय काय ऐकावं लागेल! भाऊंनी ताईंनाही बजावलं होतं, त्या खात्याला हात लावू नका.

पण ताई कागद खाली ठेवीनात. "भाऊ, एक बघा. श्रावणातलं हे एकच बिल थकलंय. त्याच्यानंतरची सगळी महिन्याच्या आत चुकती झालीत. ज्याच्याकडं पैसा नसतो त्याची सगळीच बिलं लांबतात. इथं एकच बिल मुद्दाम बाजूला ठेवलंय. त्यांच्या मनात काहीतरी खुपतंय."

"आता कसं विचारू मी?"

"तुम्ही व्याही आहात, मी नाय. मी विचारते."

भाऊ उठून बाहेर शेडमध्ये गेले. ऐकायची हिंमतच नव्हती माणसाची.

ताईंनी फोन लावला. तिकडून रामकिसन सगळंच बोलले. "त्या गाडीला ताडपत्री नव्हती ताई. पावसानं एका थप्पीचे खोके पार गळपटून गेले. आता व्याह्याला काय म्हणू, तुमचा माल खराब? म्हटलं, ते विचारतील तेव्हा सांगू. ते तर विचारीनातच."

काय म्हणावं या दोन माणसांना! एक मागायला लाजला, दुसरा सांगायला. आणि त्या लाजण्यापायी इकडं मशीन बंद पडायची वेळ आली. ताई आधी चिडल्या, मग त्यांना हसूच आलं. भिजलेल्या मालाचे चाळीस हजार बिलातून वजा करते, तशी क्रेडिट नोट देते म्हणाल्या. "मग बाकीचे आजच टाकतो," रामकिसन म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता सहज बोलून गेले, "खराब खोके सूनबाईनंच वेगळे काढले. मला म्हणाली, बाबांना कळवू नका, त्यांना वाईट वाटेल."

ताईंनी शेडमध्ये जाऊन जसंच्या तसं सांगितलं. गिरणीचं भागलं, हे ऐकून भाऊंनी नुसती मान हलवली. सायलीचं नाव आलं तसे ते मशीनला टेकले.

"म्हणजे चार महिने माझी पोर तिथं माझ्या मालापायी मान खाली घालून बसली," ते म्हणाले. "आणि मी इथं तिची अब्रू राखतोय म्हणून गप्प."

त्यांनी तिथंच फोन काढला.

"सायले, खोके भिजले होते का गं?"

तिकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं.