रिकाम्या यादीबद्दलचं पत्र

अंधेरीतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी अकरा वर्षं तिकिटांच्या तक्रारी सोडवल्या. ते ऑफिस बंद झालं तेव्हा मी छत्तीसची होते. मग सहा महिन्यांचा कोडिंगचा ऑनलाइन कोर्स केला, वसईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून. कोर्स संपला, सर्टिफिकेट आलं. नोकरीसाठी दाखवायला म्हणून मी आमच्या चर्चच्या हॉलच्या बुकिंगचं एक एपीआय लिहिलं होतं. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने विचारायचं की या महिन्यात हॉल कधी घेतलेला आहे, आणि माझ्या प्रोग्रामने डेटाबेस बघून तारखांची यादी द्यायची.

अर्ज केले, पण उत्तरं येईनात. एका नकाराच्या मेलमध्ये फक्त एवढंच होतं की एरर हँडलिंग कच्चं वाटलं. म्हणून मी कोर्समधल्या माझ्या मेंटॉरला पत्र लिहायला बसले. त्या पुण्याच्या, माझ्याहून लहान, पण मी त्यांना मॅडमच म्हणायचे. कोर्स संपल्यावर त्यांच्यावर माझा काही हक्क नव्हता. पत्र चार वेळा खोडलं.

डॅडींनी ते वाचायला मागितलं. ते निवृत्त शिक्षक, आणि हॉलच्या बुकिंगची वही त्यांनी बरीच वर्षं सांभाळलेली. त्यांनी आधी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, मग एरर हँडलिंग म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं की काही बिघडलं तर प्रोग्राम कोसळू नये, त्याची सोय.

"समज, तो डेटाबेसच बंद पडला. मग तुझा प्रोग्राम काय सांगतो?"

"रिकामी यादी देतो. कोसळत नाही."

"रिकामी यादी म्हणजे हॉल मोकळा," डॅडी म्हणाले.

मी जरा चिडले. हे फक्त दाखवायचं काम आहे, कोणी खरंच हॉल घेणार नाहीये, असं काहीतरी बोलले आणि पत्र तसंच, कोड जोडून, मेलने पाठवलं. शेवटी विचारलं होतं: मॅडम, माझं एरर हँडलिंग बरोबर आहे का, खरं सांगा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनी सगळा कोड वाचला होता. पहिलीच ओळ होती, "नाही, बरोबर नाही, आणि मी हे कोर्सच्या वेळीच पाहायला हवं होतं." पुढे डॅडींचाच मुद्दा होता. डेटाबेसला विचारताना चूक झाली की मी ती पकडून गिळून टाकत होते आणि 'सगळं ठीक' या अर्थाचा २०० आकडा लावून रिकामी यादी पाठवत होते. विचारणाऱ्याला बुकिंग नसणं आणि बिघाड असणं यातला फरक कळायला मार्गच नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी मी उलट केलं होतं: डेटाबेसचा कच्चा संदेश, आतल्या तक्त्यांच्या नावांसकट, बाहेरच्याला दाखवत होते. तो आपल्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत लिहायचा, बाहेर साधं वाक्य द्यायचं. आणि लॉग तर मी कुठेच ठेवला नव्हता.

शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. त्यात होतं, "हे दुरुस्त केलंत तर काम चांगलं होईल. पण त्यावर नोकरी मिळेल असं मी म्हणू शकत नाही. आमच्या कंपनीत यंदा नवीन कोणालाच घेतलं नाही, आणि माझीही जागा महिनाअखेरीस जाते आहे."

मी लगेच आभाराचं लिहिलं. काय लिहावं कळत नव्हतं, म्हणून ते पत्र फार लहान झालं.

दुरुस्तीला चार दिवस लागले. तारीखच चुकीची आली तर ४०० हा आकडा, मागितलेलं बुकिंग नसेल तर ४०४, डेटाबेसच मिळत नसेल तर ५०३, आणि महिना खरंच मोकळा असेल तेव्हाच रिकामी यादी. डॅडींना शेजारी बसवून मी डेटाबेस मुद्दाम बंद केला. स्क्रीनवर आलं की सेवा सध्या उपलब्ध नाही, नंतर प्रयत्न करा. लॉगमध्ये खरं कारण वेळेसकट उतरलं होतं.

"आता खोटं बोलत नाही," ते म्हणाले, आणि वाडीत केळींना पाणी सोडायला गेले.

त्यानंतर एकच मुलाखत झाली, तीही फोनवर. नेमकं हेच विचारलं आणि मी नीट सांगितलं. समोरच्या मुलीला ते आवडलंही असावं. आठवड्याने कळलं की ती जागाच रद्द झाली. मॅडमना मी मेल केला, त्यांची कुठे सोय झाली का म्हणून. तो परत आला. ऑफिसचा पत्ता होता, आता बंद झालेला. दुसरा माझ्याकडे नव्हता.

जूनपासून मी वसईतच एव्हरशाईन सिटीतल्या एका दवाखान्यात बसते, पेशंटना वेळा देते. तिथलं सॉफ्टवेअर कधीकधी, वेळा दिलेल्या असतानाही, अख्खा दिवस मोकळा दाखवतं. मी डॉक्टरांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, बंद करून चालू करा.