सातचा भाव आणि नऊचा भाव

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मी परभणीच्या सरकारी खजिन्यात कारकून होतो. निजामाच्या संस्थानात आमचा हाली रुपया चालायचा आणि हद्दीपलीकडे हिंदुस्थानचा कलदार. त्या वर्षी कलदाराच्या उघड व्यवहाराला मनाई होती. दवाखान्यासाठी बाहेर जायचं असेल त्यानं अर्ज करायचा, मग माझ्या खिडकीवर सात हालीला सहा कलदार मिळायचे. मिळायचे ते फक्त हुकमात. पेटीत बहुतेकदा काहीच नसे.

एका म्हाताऱ्या मास्तरांची लेक सोलापूरच्या दवाखान्यात होती. ते चारदा आले. चारही वेळा मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात बघा, मास्तर."

मग माझ्याच बायकोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सोलापूर सांगितलं. माझाही अर्ज त्याच गठ्ठ्यात पडून राहिला. शेवटी मी मानवतच्या, चोरून कलदार विकणाऱ्या एका कापूसवाल्याकडे गेलो.

"सहा कलदारांना नऊ हाली," तो म्हणाला.

"सरकारी भाव सात आहे."

"मग खजिन्यातनं घ्या की, मुन्शीजी."

माझा चेहरा पाहून तो नरमला. गादीवर जागा करून म्हणाला, "रागावू नका. माझा कापूस कसाबसा हद्दीपार जातो, तिकडून कलदार येतात. ते सातानं तुमच्याकडं भरा, असा हुकूम हाय. दारात लोक जास्त द्यायला उभे असताना मी कशाला भरू? मी भरत न्हाई, दुसरा भरत न्हाई, म्हणून तुमची पेटी रिकामी. आन पेटी रिकामी, म्हणून लोक माझ्याकडं."

"पण एकदम नऊ?"

"गरजवंत लय, कलदार थोडे. त्यात सापडलो तर माल जप्त आन वर तुरुंग. त्या भीतीचीही किंमत धरलीय."

बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या, त्या पैशांतून मी नऊनं कलदार घेतले. वर्षभर ज्यासाठी लोकांना दटावत होतो, तेच केलं. शस्त्रक्रिया झाली, बायको वाचली.

परत कामावर आलो तर खिडकीशी मास्तर उभे. या वेळी मला राहवलं नाही. इकडंतिकडं बघून मी हळूच त्यांना मानवतचा पत्ता सांगितला, भावही सांगितला.

मास्तरांनी विचारलं,

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"चोरून मिळतात, एवढं ठाऊक होतं."

"आता औषधाला नको," ते म्हणाले. "तिथलं बिल भागवायचंय. लेक परवा गेली."

त्यांनी पत्ता घेतला नाही. अर्ज मात्र ठेवून गेले.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामाची राजवट गेली, कलदारावरची बंदी उठली. कुणीही उघड्यावर बदलून देऊ लागला, तसा नऊचा भाव उतरत उतरत सातापाशी आला. बायको म्हणाली, "अहो, आता तरी सुखानं झोपा." मास्तर बाजारात समोरून आले, की मी गल्ली बदलायचो.